अर्ध्याची दुरुस्ती करूनही प्रसामान्य वितरणाने उत्तर निम्मेच का दिले?

नोंदवही (धागाकर्ता)

नमस्कार. एका हिशोबात दोन दिवस अडकलो आहे. आधी प्रसंग सांगतो, म्हणजे चूक नेमकी कुठे झाली ते दाखवणे तुम्हाला सोपे जाईल.

एका यंत्रावर बनणाऱ्या सुट्या भागांपैकी ५ टक्के सदोष निघतात असे आम्ही धरून चालतो. दर पाळीत १०० भाग तपासले जातात. परवा त्यांत ११ सदोष निघाले. नियम असा आहे की यंत्र नेहमीसारखेच चालत असताना इतके किंवा याहून अधिक सदोष भाग निघण्याची संभाव्यता एक टक्क्याहून कमी असेल, तर यंत्र थांबवायचे. मी शिकल्याप्रमाणे द्विपदाऐवजी प्रसामान्य वितरण घेतले. मध्य ५ आला, विचरण ४.७५ आणि प्रमाण विचलन साधारण २.१८. "११ किंवा अधिक" हवे असल्यामुळे दुरुस्ती करून १०.५ पासून पुढचे क्षेत्रफळ काढले. z आला २.५२ आणि संभाव्यता ०.००५८. एक टक्क्याहून बरीच कमी आहे, म्हणून यंत्र थांबवण्याची शिफारस केली.

सहकाऱ्याने तोच आकडा संगणकावर थेट द्विपदाने काढला, तर ०.०११५ आला, म्हणजे माझ्या जवळजवळ दुप्पट आणि एक टक्क्याच्या वर. np नेमके ५ आहे, म्हणजे "किमान ५" ही अट पूर्ण होते, आणि अर्ध्याची दुरुस्तीही मी विसरलेलो नाही. मग दोघांपैकी चुकले कोण?

जुना_शिक्षक

बहुतेक वेळा असा फरक अर्धा मिळवायचा की वजा करायचा या गोंधळातून येतो, म्हणून पहिल्यांदा तेच तपासावे असे मला वाटते. द्विपद वितरण हा स्तंभालेख आहे आणि त्यात ११ चा स्तंभ १०.५ पासून ११.५ पर्यंत पसरलेला असतो. "११ किंवा अधिक" म्हटले की ११ चा स्तंभ आत घ्यायचा, म्हणून सुरुवात १०.५ पासून. "११ पेक्षा जास्त" म्हटले की तो बाहेर ठेवायचा, म्हणून ११.५ पासून. तुम्ही ते बरोबर केले आहे.

np आणि n(1−p) दोन्ही ५ किंवा अधिक असतील आणि दुरुस्ती केलेली असेल, तर उत्तर विश्वासार्ह धरावे, असे मी इतकी वर्षे शिकवत आलो आहे. दुरुस्ती केल्याने उत्तर नेहमी सुधारतेच. त्यामुळे संगणकावरचा आकडाच पुन्हा एकदा तपासावा. कदाचित तिथे १० किंवा १२ पासून मोजले गेले असेल.

त्रिज्या

संगणकावरचा आकडा बरोबर आहे. मी स्वतः करून पाहिले.

```
from scipy.stats import binom, norm
print(binom.sf(10, 100, 0.05))        # 0.01147
print(norm.sf(10.5, 5, 4.75**0.5))    # 0.0058
```

जुना_शिक्षक यांनी सुचवलेली शंका मात्र रास्त आहे, कारण `sf` दिलेल्या संख्येच्या *पुढचे* मोजते. "११ किंवा अधिक" साठी तिथे १० लिहावे लागते. कोणी ११ लिहिले तर १२ पासूनची संभाव्यता मिळते आणि ती ०.००४३ आहे, म्हणजे योगायोगाने प्रसामान्य उत्तराच्या जवळच. तशी चूक झाली असती, तर दोन चुकीची उत्तरे एकमेकांशी जुळली असती आणि कोणाला संशयही आला नसता.

नोंदवही, तुमच्या आकडेमोडीत चूक नाही. या जागी प्रसामान्य वितरणच तोकडे पडते, आणि अर्ध्याची दुरुस्ती ज्या दोषावर आहे तो दोष इथला मुख्य दोष नाही. द्विपद आणि प्रसामान्य यांच्यात दोन वेगवेगळे फरक असतात. एक म्हणजे पायऱ्या: द्विपद पूर्णांकांवरच उभे असते आणि प्रसामान्य सलग वाहते. दुसरा म्हणजे कल: p निम्म्यापासून दूर गेला की द्विपदाची एक बाजू आखूड आणि दुसरी लांब होते, प्रसामान्याच्या दोन्ही बाजू मात्र हुबेहूब सारख्या असतात. अर्ध्याची दुरुस्ती पायऱ्यांचा हिशोब जुळवते. कलाला ती हातही लावत नाही.

पायऱ्यांपुरता प्रश्न असतो तेव्हा ही दुरुस्ती किती नेमकी चालते ते आधी पाहू. नाणे २० वेळा उडवले आणि ७ किंवा कमी छापे येण्याची संभाव्यता हवी आहे. अचूक उत्तर ०.१३१६ आहे. दुरुस्तीशिवाय प्रसामान्य ०.०८९९ देते, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. ७ ऐवजी ७.५ घेतल्यावर तेच उत्तर ०.१३१८ होते. n अवघा २० असूनही तीन दशांश स्थळांपर्यंत मेळ बसतो, कारण p निम्मा आहे आणि कल नावालाही नाही.

कुतूहल

माझ्याही बाबतीत हाच त्रास झाला आहे. मी ४० नमुने तपासले आणि एकही सदोष निघाला नाही. प्रमाण शून्य आले, म्हणून प्रमाण विचलनही शून्य आले आणि ९५ टक्के विश्वास-अंतराल "शून्य ते शून्य" असे निघाले. म्हणजे दोष असूच शकत नाही असा त्याचा अर्थ झाला, आणि तो मला पटला नाही. इथेही ०.५ मिळवायला हवे होते का?

त्रिज्या

कुतूहल, तुमचा प्रश्न याच्या शेजारचा आहे, पण हाच नाही. नोंदवहींना p ठाऊक आहे (निदान ते तो ५ टक्के धरून चालतात) आणि त्यावरून निरीक्षणाची संभाव्यता हवी आहे. तुम्हाला निरीक्षणावरून p चा अंदाज बांधायचा आहे. तुमच्याकडे प्रमाण विचलनच निरीक्षणातून आलेले आहे, त्यामुळे शून्य सदोष निघताच सूत्राचा पाया कोसळतो, आणि ०.५ मिळवून तो उभा राहत नाही. तिथे थेट द्विपदाकडे जावे. ४० पैकी एकही सदोष न निघण्याची संभाव्यता ५ टक्क्यांवर येईल असा p शोधला, तर तो सुमारे ७.२ टक्के निघतो. म्हणजे इतका सदोषपणा अजूनही शक्य आहे. तोंडी हिशोबासाठी ३ भागिले n पुरते. ३/४० म्हणजे साडेसात टक्के, जवळपास तेच.

मूळ धाग्याकडे परत येतो. नोंदवहींच्याच वितरणात, म्हणजे n = 100 आणि p = 0.05 असताना, उजव्या शेपटीत पुढे पुढे जाऊ. सगळीकडे अर्ध्याची दुरुस्ती केलेलीच आहे.

८ किंवा अधिक सदोष: अचूक ०.१२८०, प्रसामान्य ०.१२५७. उत्तम.
११ किंवा अधिक: अचूक ०.०११५, प्रसामान्य ०.००५८. निम्मे.
१४ किंवा अधिक: अचूक ०.०००४६, प्रसामान्य ०.००००४८. जवळजवळ एक दशांश.

वितरण तेच, np तेच ५, दुरुस्तीही तीच. ८ पाशी ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, तेच १४ पाशी दहापटीने चुकते. "ही अट पूर्ण झाली की प्रसामान्य चालेल" हे वाक्य म्हणूनच मला अपुरे वाटते. कुठे चालेल हे त्यात सांगितलेलेच नसते.

जुना_शिक्षक

हे आकडे मी वहीत स्वतः पडताळले. बरोबर आहेत. अट मी चुकीची शिकवली नाही, पण अपुरी शिकवली, हे मान्य करतो. "दुरुस्ती केल्याने उत्तर सुधारतेच" हे तरी मी ठामपणे म्हणू शकतो ना? ११ पाशी दुरुस्ती न करता उत्तर ०.००३० येते. दुरुस्तीने ते ०.००५८ झाले, म्हणजे खऱ्याच्या जवळच सरकले.

अचूक_अंदाज

उजव्या बाजूला हो, डाव्या बाजूला नाही. याच वितरणात एकही सदोष न निघण्याची संभाव्यता पाहा. अचूक उत्तर ०.९५ चा शंभरावा घात, म्हणजे ०.००५९. दुरुस्ती करून, ०.५ पर्यंतचे क्षेत्रफळ घेतले, तर ०.०१९५ येते, तिपटीहून अधिक. दुरुस्ती न करता शून्यापर्यंत घेतले, तर ०.०१०९ येते. चूक दोन्हींत आहे, पण दुरुस्ती न केलेले उत्तर खऱ्याच्या जवळ आहे. "एक किंवा कमी" साठीही तसेच: अचूक ०.०३७१, दुरुस्तीसह ०.०५४१, दुरुस्तीशिवाय ०.०३३२.

कारण त्रिज्या यांनी वर सांगितलेलेच आहे. डावी शेपटी खरोखर आखूड आहे आणि प्रसामान्य तिला उजवीइतकीच लांब धरते. उदाहरणार्थ, शून्याहून कमी सदोष भाग निघण्यालाही ते ०.००५८ इतकी संभाव्यता देते, जी अर्थातच अशक्य गोष्ट आहे. म्हणजे तिथे प्रसामान्य आधीच जास्त देत असते आणि दुरुस्ती त्यात आणखी भर घालते. उजवीकडे ते कमी देते, तिथे दुरुस्तीची भर उपयोगी पडते, पण पुरत नाही. डावीकडे दुरुस्तीविना आलेले जवळचे उत्तर म्हणजे दोन चुकांनी एकमेकींना थोडेफार खोडणे आहे. त्यावरून दुरुस्ती टाळण्याची सवय लावून घेऊ नये.

नोंदवही

आता चित्र दिसू लागले. एक गोष्ट मात्र खटकते. ८ पाशी इतका छान मेळ का बसतो? कल तर तिथेही आहेच.

त्रिज्या

या धाग्यातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न हाच. कलाचे माप (1−2p)/√(npq) असे काढतात. तुमच्याकडे ते ०.९ भागिले २.१८, म्हणजे सुमारे ०.४१ येते. या कलामुळे प्रसामान्य उत्तरात किती चूक पडते याचा पहिला अंदाज असा:

```
उजव्या शेपटीत मिळवायची भर ≈ (कल / 6) × (z² − 1) × φ(z)
```

φ(z) म्हणजे z पाशी प्रसामान्य वक्राची उंची. मधला (z² − 1) हा गुणक नीट पाहा. z = १ असताना तो शून्य होतो. मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आसपास कलाची चूक जवळजवळ नाहीशी होते, आणि ८ साठी तुमचा z १.१५ आहे. तिथला मेळ हा त्या जागेचा गुण आहे, वितरणाचा नाही. एखाद्याने नेमके तिथेच करून पाहिले, तर पुढेही सगळे आलबेल असेल अशी त्याची समजूत होते.

११ साठी z २.५२ आहे. भर काढली तर ०.००६१ येते. ती ०.००५८ मध्ये मिळवली की ०.०११९ होते, आणि खरे उत्तर ०.०११५ आहे. म्हणजे नाहीसा झालेला जवळजवळ सगळा निम्मा भाग कलाचाच होता. मध्याजवळही हे जुळते. ५ किंवा कमी सदोष निघण्याची अचूक संभाव्यता ०.६१६० आहे आणि दुरुस्तीसह प्रसामान्य ०.५९०७ देते. तिथे (z² − 1) ऋण असल्यामुळे फरक उलट दिशेने जातो, आणि तो हिशोबात धरला की ०.६१६० च मिळते.

यात आणखी एक बाब आहे. मध्यावरची चूक ०.०२५ आहे आणि शेपटीतली ०.००५७. निव्वळ आकड्याने पाहिले तर मध्यावरची चौपटीहून मोठी. तरी ०.५९ आणि ०.६२ यांतल्या फरकाने कोणाचा निर्णय सहसा बदलत नाही, आणि शेपटीतल्या लहान फरकाने तुमचे यंत्र थांबते किंवा चालू राहते. n वाढला की चूक लहान होत जाते, हे प्रमेयांचे आश्वासन या निव्वळ फरकाबद्दल असते. शेपटीत जी संभाव्यता मोजायची तीच इतकी लहान असते की तो लहान फरकही तिला दुप्पट किंवा निम्मी करू शकतो.

आणि ही भर म्हणजे सर्व रोगांवरचे औषध नाही. १४ पाशी ती मिळवूनही ०.०००२४ च येते, खऱ्याच्या जेमतेम निम्मे. इतक्या दूर गेल्यावर अचूक द्विपद काढण्याला पर्याय उरत नाही.

जुना_शिक्षक

मग ५ ऐवजी १० ची अट शिकवावी का? काही ठिकाणी np किमान १० असावे असे सांगतात.

त्रिज्या

करूनच पाहू. p तोच ठेवून n २०० घेतला, म्हणजे np बरोबर १० होते. १८ किंवा अधिक सदोष निघण्याची संभाव्यता दुरुस्तीसह प्रसामान्याने ०.००७५ येते, अचूक ०.०१२१ आहे. म्हणजे १० ची अट पूर्ण होऊनही एक टक्क्याच्या नियमावर निर्णय पुन्हा उलटाच पडतो. कल ०.४१ वरून ०.२९ झाला, एवढीच सुधारणा. n दुप्पट केला तरी कल निम्मा होत नाही, त्याला n च्या वर्गमूळाने भागले जाते. कल निम्मा करायला n चौपट लागतो.

मी स्वतः अशी अट न पाळता दोन गोष्टी पाहतो: कल किती आणि मला शेपटीत किती दूर जायचे आहे. वरची भर काढायला अर्धे मिनिट लागते. ती मूळ उत्तराच्या मानाने नगण्य असेल, तर प्रसामान्य उत्तर ठेवतो. ती उत्तराच्या एक दशांशाच्या पुढे गेली, तर प्रसामान्य सोडून देतो. ही एक दशांशाची मर्यादा माझी स्वतःची आहे, कोणी वेगळी ठरवू शकेल.

अचूक_अंदाज

एक दशांशाला माझी हरकत नाही, पण मुळात संगणक समोर असताना प्रसामान्याकडे वळावेच कशाला, हे मला कळत नाही. द म्वाव्रने १७३३ मध्ये हा मार्ग काढला तेव्हा मोठ्या घातांची बेरीज हाताने करणे जवळजवळ अशक्य होते. आज ती अडचण राहिलेली नाही. आणि अगदी कागद-पेन्सिलच हाती असेल आणि p लहान असेल, तर प्वासाँ घ्या. मध्य ५ धरून ११ किंवा अधिकची संभाव्यता ०.०१३७ येते. नेमकी नाही, पण ०.००५८ पेक्षा खऱ्याच्या कितीतरी जवळ आहे, आणि चुकते ती सावध बाजूने, कारण प्वासाँचा पसारा द्विपदापेक्षा थोडा मोठा असतो.

त्रिज्या

प्वासाँबद्दल सहमत. प्रसामान्य सोडूनच द्यावे याबद्दल नाही. किती भाग तपासायचे हे अजून ठरलेले नसते तेव्हा सूत्रातून n बाहेर काढता येणे फार उपयोगी पडते, आणि ते अचूक द्विपदातून सरळ निघत नाही. आराखडा प्रसामान्याने करावा आणि शेवटचा निर्णय द्विपदाने घ्यावा.

नोंदवही

सर्वांचे मनापासून आभार. आज कार्यपत्रकातले सूत्र बदलले: `=1-BINOM.DIST(10,100,0.05,TRUE)`. शिफारसही मागे घेतली.

पण सहकाऱ्याने आता नवीनच मुद्दा काढला आहे. त्याचे म्हणणे असे की "११ किंवा अधिक" मध्ये ११ ची पूर्ण संभाव्यता धरणे फार कडक आहे, तिची निम्मीच धरावी. ११ ची संभाव्यता ०.००७२ आहे. तिची निम्मी आणि १२ पासूनची ०.००४३ मिळून ०.००७९ होते, म्हणजे पुन्हा एक टक्क्याच्या आत. तसे धरले तर यंत्र थांबवायलाच हवे होते. हे ग्राह्य आहे का?

अचूक_अंदाज

ती रीत प्रचलित आहे आणि तिला तर्कही आहे, पण तुमच्या नियमाशी ती जुळत नाही. यंत्र ठीक असताना एक टक्क्याहून अधिक वेळा विनाकारण थांबता कामा नये, असा तुमचा नियम आहे. ११ वर थांबायचे ठरवले तर ते प्रत्यक्षात १.१५ टक्के वेळा विनाकारण थांबेल, मग हिशोबात ११ ची निम्मी धरा की पूर्ण. नियमाची भाषा तीच राहणार असेल, तर सीमा १२ ठेवावी लागेल.

जुना_शिक्षक

आणि १२ ठेवली, तर विनाकारण थांबण्याचे प्रमाण एकदम ०.४३ टक्क्यांवर येते, म्हणजे परवानगीच्या निम्म्याहून कमी. त्याची दुसरी बाजूही मोजायला हवी. यंत्र खरोखर बिघडून सदोष भागांचे प्रमाण १० टक्के झाले असेल, तर ११ च्या सीमेवर ते एका पाळीत पकडले जाण्याची संभाव्यता सुमारे ४२ टक्के आहे आणि १२ च्या सीमेवर सुमारे ३० टक्के. पायऱ्यांचे वितरण असल्यामुळे मधली जागाच उपलब्ध नाही. ०.१५ टक्क्याच्या अतिक्रमणासाठी इतकी पकड सोडावी का, याचे उत्तर मला या आकड्यांतून मिळत नाही.

नोंदवही

हे दोन्ही आकडे घेऊन उद्या विभागात बोलतो. तोपर्यंत सीमा १२ ठेवली आहे. सहकारी ११ वरच ठाम आहे.